तिच्या रागाची दोन मुळे

गरोदरपणातील चिडचिडीचा विषय घरात निघाला की तो बहुधा एका वाक्यावर येऊन थांबतो : ‘हार्मोन्समुळे होते, मनावर घेऊ नये.’ हे वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. आणि गर्भवतीला ते धीर देण्याऐवजी बोचते. असे का होते, हे सातव्या महिन्यातील एका गर्भवतीच्या कथनातून पाहू. ती नोकरी करते. घरी पती आणि सासूबाई आहेत. तिच्या संमतीने, ओळख वगळून, तिचे शब्द येथे देत आहे.

“संध्याकाळी घरी आले की भांड्याचा आवाजही सहन होत नाही. मी ओरडते आणि ओरडताना मलाच माझी लाज वाटते. मग हे म्हणतात, ‘तुझे हार्मोन्स बोलताहेत.’ तिथे माझे बोलणे संपते. परवा ग्लुकोजच्या तपासणीला मी एकटी गेले. ते गोड पाणी पिऊन दोन तास बाकावर बसले. यांना बैठक होती. त्या रात्री भाजीत मीठ कमी आहे यावरून भांडण झाले. पण ते भांडण मिठाचे नव्हते.”

या कथनात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. आवाज इतका का चढला, हा एक प्रश्न. तक्रार कशाची, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी शरीरात असते, दुसऱ्याचे नात्यात. घरातील माणसे पहिले उत्तर देऊन दुसरा प्रश्न मिटवून टाकतात. मग पती गप्प होतो, उशिरा घरी येऊ लागतो. भांडण टाळण्याची ही त्याची रीत असते. तिला मात्र ती बेपर्वाई वाटते.

पहिल्या प्रश्नासाठी तिला दहा दिवस वही ठेवायला सांगितले. भांडणाची वेळ, त्याआधी शेवटचे खाणे केव्हा झाले आणि आदल्या रात्री किती वेळा जाग आली, एवढेच लिहायचे होते. सहा भांडणांपैकी पाच संध्याकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान झाली होती. जेवण दुपारी एकला. त्यानंतर केवळ चहा. लघवीसाठी आणि पायात गोळे येऊन रात्री चार-पाच वेळा झोपमोड. शिवाय तिचे हिमोग्लोबिन ९.४ होते, गरोदरपणात ते ११ च्या खाली असल्यास रक्तक्षय मानतात. थकवा आणि चिडचिड यांत त्याचाही वाटा असू शकतो. लोहाची गोळी ती चहासोबत घेत होती; चहामुळे लोह नीट शोषले जात नाही.

डॉक्टरांनी गोळीचे प्रमाण ठरवून दिले आणि ती चहा-दुधापासून दूर, लिंबूपाण्याबरोबर घेण्यास सांगितले. पाच वाजता मूठभर फुटाणे किंवा उसळ सुरू झाली. जेवणापूर्वी कोणताही वादाचा विषय काढायचा नाही, असे दोघांनी ठरवले.

मात्र खरा फरक दुसऱ्या प्रश्नाने पडला. जेवणानंतर पतीने विचारले, “त्या दिवशी तपासणीला मी नव्हतो, त्याचे तुला काय वाटले?” ती रडली, पण ओरडली नाही. पुढच्या तपासणीची तारीख त्याने कार्यालयात आधीच कळवून ठेवली. पुढील दहा दिवसांत दोन भांडणे झाली. लोहाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. झोप तर प्रसूतीपर्यंत मोडतच राहील. चिडचिड संपली नाही; तिच्याआड दडलेली तक्रार ऐकली गेली.

घरातील वडीलधाऱ्यांचा वाटा येथे मोठा आहे. ‘आम्हीही बाळंतपणे केली’ हे वाक्य अनुभवातून येते, पण सुनेला ते तुलनेसारखे ऐकू येते. त्याऐवजी संध्याकाळचे खाणे तिच्या हाती द्यावे, दुपारी तासभर पडू द्यावे आणि मुलाला एकांतात सांगावे, “ती काय म्हणते ते आधी ऐक, आवाजाचे नंतर बघू.”

एक सीमारेषा ओळखावी. साधी चिडचिड येते आणि ओसरते. मध्ये हसणे-बोलणे असते. दोन आठवडे बहुतेक वेळ उदास वाटणे, कशातच रस न उरणे, संधी असूनही झोप न लागणे किंवा सतत धास्ती वाटणे, असे दिसले तर ते नैराश्य किंवा चिंताविकार असू शकतो. हे बाळंतपणानंतरच होते असे नाही. गरोदरपणातही होते आणि त्यावर उपचार आहेत. प्रसूतितज्ज्ञांना ते स्पष्ट सांगावे. थायरॉइडची तपासणी झाली आहे का, हेही विचारावे. जगणे नकोसे झाल्याचे शब्द कानी आले, तर तिला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.