दुसऱ्या रात्री निकाल देऊ नका

“गोळीशिवाय मला झोप लागतच नाही, सोडून पाहिलंय,” असं सांगणारे अंधेरी-बोरिवलीत पुष्कळ भेटतात. किती रात्री सोडून पाहिलं, असं विचारलं की उत्तर बहुधा एक-दोन रात्रींचं येतं. तेवढ्यावरून काहीच ठरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

समजा, घाटकोपरचे एक पन्नाशीचे गृहस्थ आहेत. कामाच्या ताणाने त्यांची झोप पाच तासांवर आली. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी १० मिलिग्रॅम झोल्पिडेम दिलं, ते तीन महिने चाललं. मग त्यांनी गोळी एकदम बंद केली. पहिल्या रात्री दोन तास झोप, दुसऱ्या रात्री अडीच. तिसऱ्या रात्री पुन्हा गोळी घेतली, छान झोपले, आणि आपला आजार कायमचा आहे अशी त्यांची खात्री पटली.

पण मूळ त्रासात ते पाच तास झोपत होते. त्याहून वाईट झोप ही मूळ त्रासाची खूण नाही. डॉक्टर याला ‘रिबाउंड’ म्हणतात. अमेरिकेत अँथनी केल्स आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये त्याचं वर्णन केलं. गोळी मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम वाढवते. रोजच्या गोळीशी मेंदू जुळवून घेतो. ती अचानक थांबली की काही रात्री तो जास्तच जागा राहतो.

रिबाउंड लगेच येतो, पहिल्यापेक्षा वाईट असतो आणि बहुधा काही दिवसांत ओसरतो. मूळ निद्रानाश हळूहळू परततो, जुन्याच रूपात येतो आणि आठवडे गेले तरी हटत नाही. मात्र क्लोनाझेपामसारखी गोळी शरीरातून सावकाश जाते, त्यामुळे तिचा त्रास काही दिवस उशिरा सुरू होऊ शकतो. म्हणून गोळी सुरू होण्याआधी झोप कशी होती, ते आठवून लिहून ठेवा आणि सोडताना रोजची नोंद त्याच्याशी ताडून पाहा.

हात थरथरणं, घाम, धडधड किंवा आवाज सहन न होणं असा नवाच त्रास झाला, तर ते अंगवळणी पडलेलं औषध सुटल्याचं लक्षण असू शकतं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम बरेच महिने घेत असाल, तर एकदम मुळीच थांबवू नका; फिट येऊ शकते. डॉक्टर अनेकदा मात्रा पाव हिश्शाने कमी करतात आणि प्रत्येक पायरीवर एक-दोन आठवडे थांबतात. शेवटच्या पायऱ्या आणखी लहान लागतात. सावकाश विरघळणारी गोळी मात्र घरी तोडू नये.

२०१४ पासून या औषधांतली बरीचशी ‘शेड्यूल एच-वन’मध्ये आहेत, केमिस्टला चिठ्ठी पाहून विक्रीची नोंद ठेवावी लागते. गोळी सुरू कशी व्हावी यावर एवढं लक्ष आहे. ती कधी आणि कोणत्या पायऱ्यांनी थांबवायची, हेही डॉक्टरांनी त्याच पहिल्या चिठ्ठीवर लिहायला हवं, आणि लिहिलं नसेल तर रुग्णाने तिथेच विचारायला हवं.