‘समजलं का?’ विचारणं बंद करा

मोहल्ल्यात ऑनलाइन फसवणुकीवर बोलायला उभे राहणारे आपले शिकलेले तरुण दोनपैकी एक गोष्ट हमखास करतात. एक तर ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन ऑन ठेवा’ म्हणून पुढे पळतात, नाही तर थांबून, आवाज मऊ करून म्हणतात, ‘आता अगदी सोप्या भाषेत सांगतो हं.’ पहिल्या वेळी समोरच्या खालाला काही कळत नाही. दुसऱ्या वेळी एवढंच कळतं की हा पोरगा आपल्याला अडाणी समजतो. वीस जणींच्या भिशीचा हिशेब ती तोंडपाठ ठेवते, हे त्याच्या गावीही नसतं.

बयान नीट ऐकलं असतं तरी हे जमलं असतं. चांगला मौलाना ‘गीबत’ म्हणतो आणि त्याच श्वासात ‘म्हणजे पाठीमागे कुणाची निंदा करणं’ असं जोडून पुढे जातो. माहीत असलेल्याचा अपमान होत नाही, नसलेल्याला अर्थ मिळतो.

काहींना वाटतं, ‘व्हेरिफिकेशन म्हणजे पडताळणी’ सांगितलं की काम झालं. भाषांतरानं इथं काहीच हाती लागत नाही. व्हॉट्सॲपवर खरा घोळ दोन आकड्यांचा आहे आणि दोन्ही सहा आकडी. नंबर नव्या फोनवर सुरू करताना एसएमएसनं येतो तो कोड. टू-स्टेपचा पिन मात्र आपण स्वतः ठरवलेला असतो. ठग ओळखीच्या नावानं मेसेज करून पहिला मागतो: ‘चुकून तुमच्याकडे माझा कोड आलाय, पाठवा ना.’ तो मिळाला तरी पिनशिवाय त्याचं काम अडतं. म्हणून व्याख्येत हाच फरक यायला हवा:

‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे एसएमएसच्या कोडनंतर आपणच ठरवलेला पिन मागणारं दुसरं कुलूप, आज घरी जायच्या आधी लावून घ्या.’

बोलून बघा, सात-आठ सेकंद लागतात. ‘म्हणजे’च्या आधी थांबायचं नाही आणि तेवढ्यापुरतं म्हाताऱ्यांकडे वळून बघायचं नाही. तोच सूर, तोच वेग. नंतर शब्दही तोच ठेवा. मध्येच ‘टू-एफ-ए’ म्हणालात की ऐकणारीला वाटतं, ही आणखी तिसरी भानगड. व्याख्येत ‘ऑथेंटिकेशन’ घुसलं तर तिची व्याख्या करत बसावं लागेल, तेव्हा ते आधीच काढून टाका. एन्क्रिप्शनसारखी एका वाक्यात न मावणारी संज्ञा त्या दिवशी गरजेची नसेल, तर तिचं नावच घेऊ नका. आपल्याला ती येते हे दाखवायला तर मुळीच नको.

आणि ‘समजलं का?’ या प्रश्नाला भरल्या सभेत ‘नाही’ कोण म्हणणार? त्याऐवजी विचारा, ‘खाला, उद्या नवा फोन घेतला तर व्हॉट्सॲप काय काय मागेल?’ त्या म्हणाल्या, ‘आधी कोड येईल, मग माझा पिन,’ तर पुढे चला. ‘दोन कोड येतील,’ म्हणाल्या, तर तुमच्या वाक्यातलं ‘आपणच ठरवलेला’ त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. तेवढेच दोन शब्द ठासून पुन्हा म्हणा.