औषध थांबवले, तरी तपासणी सुरू ठेवा

लिंगबदलाचे उपचार थांबवणाऱ्याला लोक विचारतात, "चुकलं ना?" आम्हाला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. अमेरिकेत २०१५ च्या ट्रान्स व्यक्तींच्या पाहणीत ८ टक्के कधीतरी मागे फिरलेले होते, त्यांतले बहुतेक काही काळापुरतेच. सर्वांत मोठे कारण आई-वडिलांचा दबाव. काहींना मात्र स्वतःची ओळखच वेगळी उमगते, तेही खरे.

समजा, धुळ्यातल्या कुणी टेस्टोस्टेरॉन थांबवले. अंडाशय असतील तर काही महिन्यांत पाळी बहुधा परत येते. जाड झालेला आवाज मात्र राहतो. अंडाशय काढले असतील, तर कुठलेच हार्मोन न घेतल्यास हाडे ठिसूळ होतात. म्हणून पुढे कोणते घ्यायचे, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. घरच्यांनी लग्नाची घाई करू नये. जळगावला तपासणीसाठी सोबत जावे.