भिंत खरवडू नका, कागद भिजवा
सिद्धेश्वरला धरणाच्या अंगाला असलेल्या एका घरी मागच्या उन्हाळ्यात गेलो होतो. बैठकीची भिंत देवीच्या व्रणांसारखी झाली होती. जुना वॉलपेपर पोराने कोरडाच खरवडला होता. कागद निम्मा निघाला आणि पुट्टी मात्र सगळीकडून उडाली. तुमच्या घरी असं होऊ नये म्हणून हे सांगतोय.

कागद धरून ठेवते ती मागची खळ. ती वाळून दगड झालेली असते, पण कोमट पाण्याने फुगते आणि सैल होते. अडचण एवढीच, की वरचा थर बहुतेक प्लास्टिकचा असतो. त्यावर पाणी मारून बघा. थेंब ओघळून गेले, तर आत काहीच जात नाही.

आधी मेन स्विच बंद करा. बोर्डांवर चिकटपट्टी लावा, खाली जुनी चादर टाका.

मग एक कोपरा नखाने उचलून हळूच ओढा. कधीकधी वरचा थर कोरडाच सरळ निघतो आणि मागे पातळ कागद उरतो. तसं झालं तर निम्मं काम झालं.

नाही निघाला, तर जाड काचपेपर घ्या आणि वरची चकाकी जाईपर्यंतच घासा. कटर वापरायचाच असेल, तर पातं जेमतेम बाहेर काढून हलक्या हाताने आडव्या-उभ्या रेघा ओढा. पात्याला पांढरी पूड लागली, की समजा तुम्ही भिंत कापताय.

आता बादलीभर कोमट पाणी घ्या, हाताला सोसेल एवढंच. त्यात चमचाभर भांड्यांचा साबण टाका. तीन-तीन फुटांचाच तुकडा स्पंजने वरून खाली भिजवा. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा भिजवा. आपल्याकडच्या मे महिन्यात पाणी भिंतीवरच सुकतं. म्हणून ओल्या भागावर प्लास्टिकचा कागद चिकटवा. काम सकाळीच धरा.

नखाने टोचून बघा. कागद लापशीसारखा झाला, की पुट्टीची पत्ती जवळजवळ आडवी धरून सरकवा. जोर लावावा लागतोय? मग अजून भिजलं नाही. पुन्हा पाणी द्या, पत्ती उभी करू नका.

भिंतीला पीओपी किंवा मातीचा गिलावा असेल, तर पाणी बेताने. स्पंज पिळून घ्या, कारण हे दोन्ही भिजून मऊ पडतात. मागून चिकट असलेला स्टिकरसारखा कागद असेल, तर पाण्याचा उपयोग नाही. भिंत कोरडी असेल तरच वीज पुन्हा सुरू करा आणि केस वाळवायच्या यंत्राने तो गरम करून ओढा.

कागद गेला तरी खळ उरते. ओला हात फिरवा. बुळबुळीत लागलं, तर स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसा. तिच्यावर रंग दिलात, तर तो तडकतो.

कागदाखाली लोणा किंवा ओल दिसली, तर आधी पाणी कुठून येतं ते शोधा. रंगारी त्यानंतर बोलवा.