ऐकणाऱ्याचं कोण ऐकणार? सर्वेक्षणाच्या बजेटात एक ओळ कमी आहे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बातमीदारीवर भागत नव्हतं म्हणून एका संस्थेचं काम घेतलं होतं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्यांच्या मुलाखती दुसऱ्यांनी घेतलेल्या, मी फक्त रेकॉर्डिंग ऐकून शब्दन्‌शब्द उतरवायचं. दर मिनिटावर. निमोण्यात घरीच बसून काम, वर चार पैसे. म्हटलं, बरंय.

एका रेकॉर्डिंगमध्ये एक बाई नवऱ्याला शेवटचा चहा दिल्याचं सांगता सांगता थांबते. मागे कुकरची शिट्टी होते. मग बराच वेळ काहीच नाही. शिट्टीखाली दबलेले तिचे दोन शब्द लागेनात म्हणून तो तुकडा मी सात-आठ वेळा मागे घेऊन ऐकला. त्यानंतर कित्येक दिवस घरात कुकर लागला की मी उठून बाहेर जायचो. बायको विचारायची, झालंय काय? सांगता येईना. मजकूर कुणालाही सांगणार नाही, असं सही करून दिलेलं. शेवटी बिल पाठवलं, तर उत्तर आलं, "शांततेची मिनिटं वजा करा."

त्या संस्थेचं नाव मी घेणार नाही. एका संस्थेचा हा प्रश्न नाही, कामाच्या पद्धतीचा आहे. आणि आपल्या भागातली पोरं-पोरी अशी कामं करतात, म्हणून हे लिहितोय.

अशी कामं म्हणजे कशी? आपल्याच शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला केईएमचं संशोधन केंद्र आहे. शिरूर-हवेलीतल्या २२ गावांत २००२ पासून ते जन्म-मृत्यूंची नोंद ठेवतं. अशा कामात 'व्हर्बल ऑटॉप्सी' नावाचा प्रकार असतो. माणूस घरी गेला, डॉक्टरचा दाखला नाही, तर कर्मचारी घरच्यांकडे जाऊन विचारतो: ताप किती दिवस होता, धाप लागायची का, बाळ जन्मल्यावर रडलं का. शेवटी घरच्यांच्या शब्दांत सगळी हकीकत लिहून घ्यायची. त्यावरून डॉक्टर मृत्यूचं कारण ठरवतात. वढूचा दाखला फक्त कामाचं स्वरूप कळावं म्हणून दिला. काम मोलाचंच आहे. पण बाळ रडलं का, हे आईला विचारायचं, उत्तर लिहायचं आणि गाडीला किक मारून पुढच्या घरी जायचं, हे सोपं नाही.

आता गंमत बघा. अशा अभ्यासाला नैतिकता समितीची मंजुरी लागते. मुलाखत देणाऱ्याला त्रास झाला तर थांबायचं कसं, पाठवायचं कुठं, हे अर्जात लिहावं लागतं. ते बरोबरच आहे. पण विचारणाऱ्याचं काय? अनेक ठिकाणी तिथं कोरी जागा. जागतिक आरोग्य संघटनेनं बायकांवरच्या हिंसाचाराच्या संशोधनासाठी २००१ साली नियम काढले. संशोधन करणाऱ्यांना खास प्रशिक्षण आणि काम चालू असेपर्यंत आधार द्या, हे त्यात स्पष्ट आहे. म्हणजे ही काही माझी आजची टूम नाही.

"डॉक्टर, पोलीस रोज हेच बघतात, त्यांना कुठं काय होतं?" असं म्हणणारे भेटतात. होतं, आपल्याला दिसत नाही एवढंच. शिवाय डॉक्टरला निदान काहीतरी करता येतं. सर्वेक्षणवाल्याला फक्त ऐकायचं असतं. मदत करायची नाही, सल्ला द्यायचा नाही, घरी बोलायचं नाही. वर तो याच भागातला. ज्या आईचं ऐकलं ती पुढच्या आठवड्यात बाजारात समोर येते. गुप्ततेची सही घेऊन तुम्ही त्याची घरातली, मित्रांतली सगळी दारं बंद केलीत, तर एक दार तुम्हीच उघडं ठेवायला पाहिजे. त्यालाच डीब्रीफिंग म्हणतात. ते उपकार नाहीत, त्या सहीची दुसरी बाजू आहे.

माणूस थकलाय हे साहेबाला कसं कळावं? फॉर्ममधूनच कळतं. सुरुवातीला पानभर येणारी हकीकत तीन ओळींवर येते. अवघड प्रश्नांपुढं 'माहीत नाही'च्या खुणा वाढतात. ठरावीक घरं 'कुलूप होतं' म्हणून पुढं ढकलली जातात. साहेब याला कामचुकारपणा म्हणतो आणि पगार कापतो. खरं तर तो माणूस स्वतःला वाचवत असतो, आणि तुमचा अभ्यासही तिथंच खोटा पडायला लागलेला असतो.

टायपिंगवाल्याची तऱ्हा आणखी वेगळी. मुलाखत घेणारा एकदाच ऐकतो. उतरवणाऱ्याला तासाभराच्या रेकॉर्डिंगला पाच-सहा तास लागतात, आणि जिथं माणूस रडतो तिथंच शब्द अस्पष्ट म्हणून तोच तुकडा सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागतो. मिनिटावर दर असला की थांबणं म्हणजे नुकसान. म्हणून त्याला दिवसावर मजुरी द्या. 'बारा ते सतरा मिनिटं जड आहेत' अशी चिठ्ठी रेकॉर्डिंगसोबत द्या, म्हणजे तो भाग रात्री एकट्यानं उघडला जाणार नाही.

डीब्रीफिंगच्या नावाखाली एक चूकही होते. सगळ्यांना एकदा गोल बसवायचं आणि पाहिलं-ऐकलं ते सविस्तर परत सांगायला लावायचं. एका बैठकीत असं उकरून काढल्यानं पुढचा त्रास टळत नाही, उलट काहींना वाढतो, हे अभ्यासांत दिसलंय. जागतिक आरोग्य संघटनाही ते करू नका म्हणते. त्यापेक्षा रोज संध्याकाळी वीस मिनिटं बोला. आज काय अडलं? डोक्यातून काय जात नाही? उद्याच्या घरी तूच जाशील की दुसऱ्याला पाठवू? एवढं पुरे. बोलायचं नसेल तर गप्प बसायची मुभा. आणि आठवड्यातून एकदा बाहेरचा समुपदेशक, साहेब नाही. ज्याच्या हातात तुमचं कंत्राट, त्याच्यापुढं कोण खरं बोलणार?

खर्च किती? हिशेब मांडू. समजा ६० मुलाखती, चार माणसं, म्हणजे प्रत्येकी १५. दिवसाला तीन घेतल्या तर पाच दिवस, दोनच घेतल्या तर आठ. चौघांचे तीन-तीन दिवस वाढले, म्हणजे १२ रोज. ८०० रुपये रोज धरला तर ९,६००. समुपदेशकाच्या सहा बैठका २,००० प्रमाणे १२,०००. एकूण २१,६००. अहवालाच्या प्रकाशनाला हॉल, हार आणि जेवणावळी निघतात, तिथं हे पैसे नाहीत म्हणू नका. फक्त ही ओळ अर्जातच लिहा. नंतर कोणी देत नाही.

याच्यानं सगळं मिटत नाही. दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, तेच आवाज येत असतील, जीव नकोसा वाटत असेल, तर बैठक पुरत नाही, डॉक्टर लागतो. सरकारची टेली-मानस १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलतात.

गावातल्या पोरांना एवढंच सांगणं: असं काम घेताना सहीआधी तीन गोष्टी विचारा. दिवसाला किती मुलाखती? एखादं घर जमणार नाही म्हटलं तर पैसे कापणार का? आणि संध्याकाळी माझं कोण ऐकणार? उत्तर लेखी मागा. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा हसला, तर कागद तसाच परत द्या.

त्या बाईच्या शांततेची मिनिटं मी बिलातून वजा केली होती. डोक्यातून अजून झालेली नाहीत.