ई-मेलमधील सलाम : कधी लिहावा, कधी वगळावा?

आमच्या पिढीला उर्दू शाळेत पत्रलेखन शिकवताना मजकुराच्या आधी 'अलकाब व आदाब' शिकवले जात. वालिदांना काय लिहावे, उस्तादांना काय, दोस्ताला काय, हे चुकले की गुण कापले जात. त्या काळी पत्र पोचायला चार दिवस आणि उत्तराला आणखी चार दिवस लागत. प्रत्येक पत्र म्हणजे नवी भेट असे, म्हणून प्रत्येक पत्रात सलाम असणे रास्तच होते. आता कापडाच्या एका सौद्यात वीस-पंचवीस ई-मेल होतात आणि त्यांतले निम्मे एकाच दुपारी. प्रत्येकात सलाम, मोहतरम, खैरियत लिहायची का, असे तरुण व्यापारी विचारतात. माझ्या एका चुकीवरून उत्तर देतो.

चेन्नईच्या एका जुन्या ग्राहकाने १२,००० मीटर सुती ग्रे कापड मागवले. पहिल्या मेलमध्ये मी रीतसर सलाम, नाव व खैरियत लिहून भाव दिला. त्यांचेही तसेच उत्तर आले. मग तासाभरात सहा मेल झाले. पन्ना ५८ इंच की ६३? लॉरीचे भाडे कोणाकडे? उधारी ३० दिवसांची की ४५? यांत दोघांनीही सलाम लिहिला नाही आणि कोणालाही खटकले नाही. समोरासमोर बसून सौदा करताना आपण प्रत्येक वाक्याआधी सलाम करत नाही. शिवाय मोबाईलवर मेल उघडण्याआधी पहिली ओळच दिसते. तिथे 'पन्ना ६३' दिसणे ग्राहकाच्या सोयीचे असते.

माल गेला. अकरा दिवस दोन्हीकडून शांतता होती. मग त्याच साखळीत त्यांचा मेल आला. आधी सलाम, मग तक्रार : चार ताक्यांवर तेलाचे डाग आहेत, सोबत फोटो. मी पेढीवर गिऱ्हाइकांत होतो. घाईत उत्तर दिले, "फोटो पाहिले. ताक्यांचे नंबर पाठवा." माझ्या मनात ती जुनीच बोलणी चालू होती. त्यांनी मात्र काय वाचले? आपल्या सलामला जवाब नाही आणि खराबीची तक्रार केली म्हणून सेठ घुश्शात आहेत. दोन दिवस नंबर आले नाहीत, बिलाची रक्कमही थांबली. शेवटी मी फोन केला तेव्हा पहिला प्रश्न आला, "भाईसाहेब, नाराज आहात का?" मी माफी मागितली आणि सलाम व नाव घालून नवा मेल लिहिला. अर्ध्या तासात नंबर आले. चार ताक्यांचे ४०० मीटर बिलातून वजा केले, बाकी रक्कम आली. दोष कापडात होताच, पण तंटा वाढला तो माझ्या कोरड्या ओळीने.

यावरून माझे मत असे झाले की, संगणक साखळी एकच दाखवतो, पण तिच्यात भेटी अनेक असतात. हदीसमध्ये शिकवण आहे की, आपल्या भावाला सलाम केल्यावर मध्ये झाड किंवा भिंत आली आणि पुन्हा भेट झाली, तर पुन्हा सलाम करावा. ई-मेलमधली भिंत ओळखता आली पाहिजे. रात्र गेली की भिंत आली. सकाळी नुसता सलाम व नाव पुरे, खैरियतचा परिच्छेद नको. मध्येच ट्रान्सपोर्टवाले किंवा मुनीम यांना प्रत घातली की मजलिस बदलली. त्यांना नावानिशी सलाम वा नमस्कार केलाच पाहिजे. आणि तक्रार, उशीर, थकबाकी असा कडू विषय निघाला तर ती नवी भेटच समजावी, मग आधीचा मेल दहा मिनिटांपूर्वीचा का असेना.

एक गोष्ट मात्र वेळेवर अवलंबून नाही. समोरच्याने सलाम लिहिला असेल तर जवाब देणे आपल्यावर लाजिम आहे, मेल कितवाही असो. उलट त्याने लिहिला नाही तर लगेच वाईट वाटून घेऊ नये. तो बोलणी चालू आहे असे समजत असेल.

काही बुजुर्ग म्हणतात, सलाम ही दुआ आहे, ती वगळायचीच कशाला? त्यांचा मुद्दा आदरणीय आहे. पण मिर्झा गालिब यांनी लांबलचक अलकाब टाकून पत्राची बातचीत केली. त्यांच्या उर्दू पत्रांचा 'ऊद-ए-हिंदी' हा संग्रह १८६८ मध्ये निघाला. त्यांना कोणी बेअदब म्हटले नाही, कारण समोरच्याबद्दलची आपुलकी मजकुरातच होती. माझा आक्षेप आहे तो काही पेढ्यांवर सलाम कायमचा साच्यात भरून ठेवतात त्यावर. मग 'हो', 'पोचले', 'माल परत घेणार नाही' या सगळ्यांवर तोच सलाम छापून जातो आणि वाचणारा तो वाचेनासा होतो. दुआ हाताने लिहावी, आणि भिंत आली की न चुकता लिहावी.