उतरलेली दारू आणि न उतरणारी सकाळ

आषाढ अमावास्येच्या म्हणजे गटारीच्या दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात तांबड्या रश्श्यापासून काळ्या कॉफीपर्यंत आणि थंड पाण्याच्या अंघोळीपासून सकाळच्या 'उताऱ्या'पर्यंत अनेक उपायांची शिफारस केली जाते. 'रात्रीची दारू अजून अंगात आहे, ती बाहेर काढली की बरे वाटेल' ही समजूत या सर्व शिफारशींच्या मुळाशी असते आणि तिथेच गफलत होते. हँगओव्हर ही नशेची लांबलेली शेपटी नसून, रक्तातील अल्कोहोल उतरत शून्याजवळ पोहोचते त्या सुमारास सर्वाधिक जाणवणारी, नशेहून वेगळी अशी अवस्था आहे. डोकेदुखी, मळमळ, कोरडा घसा, थकवा, चिडचिड आणि कशातच लक्ष न लागणे ही तिची लक्षणे असून ती कधी कधी पूर्ण दिवसभर टिकतात.

हे वेळापत्रक एका उदाहरणावरून समजून घेता येईल. बाजारात 'क्वार्टर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 180 मिलिलिटर व्हिस्कीत 42.8 टक्के अल्कोहोल असते, म्हणजे एका क्वार्टरमधून सुमारे 77 मिलिलिटर, वजनाने साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात हे अल्कोहोल पसरले की रक्ताच्या दर 100 मिलिलिटरमागे ढोबळमानाने 125 मिलिग्रॅम इतके प्रमाण होऊ शकते, आणि यकृत ते तासाला साधारण 15 मिलिग्रॅम या ठरावीक गतीनेच कमी करते. रात्री नऊला सुरुवात केलेल्या माणसाचे रक्त त्यामुळे पहाटे साडेपाचच्या सुमारास अल्कोहोलमुक्त होते, आणि नेमके त्याच वेळी त्याला डोके ठणकत जाग येते. वजन कमी असेल किंवा शरीरातील पाण्याचा वाटा कमी असेल, जसा तो स्त्रियांमध्ये सामान्यतः असतो, तर तेवढ्याच दारूने प्रमाण अधिक चढते व उतरायला अधिक वेळ लागतो.

यकृताची ही गती वाढवता येत नाही, कारण ती विकरांवर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांवर, अवलंबून असते. एक विकर अल्कोहोलचे ॲसिटाल्डिहाइड या विषारी पदार्थात रूपांतर करते, दुसरे त्या पदार्थाचे निरुपद्रवी ॲसिटेट बनवते, आणि या विकरांची क्षमता एकदा पूर्ण वापरात आली की पुढचे अल्कोहोल आपल्या पाळीची वाट पाहत राहते. कॉफीने झोप उडते, थंड पाण्याने अंग शहारते, उलटी काढल्याने पोट रिकामे होते. पण मध्यरात्रीपूर्वीच रक्तात मिसळून गेलेल्या अल्कोहोलवर यांपैकी कशाचाही परिणाम होत नाही.

मग सर्व अल्कोहोल गेल्यावरही त्रास का उरतो, हा खरा प्रश्न आहे. मेंदूतील पीयूषिका ग्रंथीतून सुटणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्याचा संदेश देते; अल्कोहोलमुळे ते दबले जाते आणि क्वार्टरभर दारूमागे अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक जादा पाणी लघवीवाटे निघून जाऊ शकते. तहान, कोरडे तोंड आणि उठल्यावर येणारी भोवळ यांचा मोठा भाग यातून येतो. परंतु जठराच्या अस्तराला झालेली जळजळ, गाढ वाटणारी पण उत्तररात्री वारंवार तुटणारी झोप, आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने एखाद्या तापात द्यावा तसा दिलेला दाहक प्रतिसाद ही कारणे निराळी असून ती पाण्याने मिटत नाहीत. म्हणूनच भरपूर पाणी प्यायलेल्या माणसाची तहान भागते, मात्र त्याची मरगळ आणि मळमळ काही तास तशीच राहते. द्रव आणि काळ यांच्या कामाची ही विभागणी लक्षात घेतली तर अवास्तव अपेक्षा उरत नाही.

या कसोटीवर कोल्हापूरचा रस्सा पाहिला तर तो सरसकट निकालात काढण्याचे कारण नाही. गरम पाणी, मीठ आणि मटणाचा अर्क यांमुळे पांढरा रस्सा घोटघोट घेतला तर शरीराला हवे ते द्रव व क्षार मिळतात. तांबड्यातील तिखट आणि वर तरंगणारा तेलाचा तवंग मात्र आधीच सोललेल्या जठराला अधिक डिवचतो, आणि झणझणीत मिसळीचेही तेच. ताक, नाचणीची आंबील, मीठ-साखरेचे लिंबू सरबत किंवा एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून केलेली जलसंजीवनी हे त्याहून सौम्य पर्याय आहेत. मळमळ असताना एकदम तांब्याभर पाणी रिचवले तर ते उलटून पडते, म्हणून दर काही मिनिटांनी थोडे थोडे घेणेच हिताचे.

गोळ्यांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. ॲस्पिरिन व आयब्युप्रोफेन जठराच्या अस्तराला त्रास देतात, तर पॅरासिटामॉलचा भार त्याच दमलेल्या यकृतावर पडतो आणि नित्य पिणाऱ्या माणसाला तो धोक्याचा ठरू शकतो. हँगओव्हरवरील उपायांच्या वैद्यकीय चाचण्यांचा आढावा 2005 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने प्रसिद्ध केला, तेव्हा कोणताही उपाय परिणामकारक असल्याचा भक्कम पुरावा आढळला नाही, आणि त्यानंतरच्या आढाव्यांनीही हे चित्र बदललेले नाही.

सर्वांत फसवा उपाय सकाळच्या उताऱ्याचा आहे, कारण त्याने थोडा वेळ खरोखरच बरे वाटते. दारूत मिथेनॉल या दुसऱ्या अल्कोहोलचे सूक्ष्म अंश असू शकतात, आणि साधे अल्कोहोल संपल्यावर यकृत त्यांचे विषारी पदार्थांत रूपांतर करू लागते. नवा पेग घेतला की यकृत पुन्हा साध्या अल्कोहोलकडे वळते आणि ते काम लांबणीवर पडते. त्रास टळत नाही, पुढे सरकतो. ज्याला सकाळी पेग घेतल्याशिवाय हात कापणे व घाम थांबत नाही, त्याची अवस्था हँगओव्हरची नसून व्यसनातील दारू तुटल्याची असते. तिच्यात आकडी येऊ शकते, म्हणून तिथे डॉक्टरच हवा.

मिथेनॉल अधिक असलेल्या गावठी दारूची गोष्ट वेगळी आणि भयंकर आहे. मुंबईत मालवणी येथे जून 2015 मध्ये अशा दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली. अर्ध्या दिवसाने किंवा दुसऱ्या दिवशी दृष्टी धूसर होणे, धाप लागणे, पोटात तीव्र वेदना होणे ही लक्षणे दिसली तर 'चढली आहे, उतरेल' म्हणून रुग्णाला झोपवून ठेवू नये; त्याला तातडीने 'सीपीआर'सारख्या मोठ्या रुग्णालयात न्यावे.

उरतो प्रश्न सकाळी कामावर निघण्याचा. वर घेतलेल्या उदाहरणातील माणसाने एकाऐवजी दीड क्वार्टर घेतली असेल, तर सकाळी सातला शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या वसाहतीत पहिल्या पाळीसाठी मोटारसायकल काढताना त्याच्या रक्तात 100 मिलिलिटरमागे अजून सुमारे 40 मिलिग्रॅम अल्कोहोल असते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. अंघोळ, कॉफी आणि पोटभर नाश्ता यांनी त्या आकड्यात फरक पडत नसल्याने अशा सकाळी गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी किंवा एसटीने जावे.